प्रश्न मराठीत, उत्तर इंग्रजी कागदांत

एका भाषेत प्रश्न विचारून दुसऱ्या भाषेतला मजकूर शोधून काढणे, याला आंतरभाषिक माहितीशोध म्हणतात. मराठीच्या बाबतीत ही गरज बहुतेक वेळा एकाच दिशेची असते. विचारणारा मराठीत विचारतो आणि उत्तर इंग्रजीतल्या शोधनिबंधात, तांत्रिक अहवालात किंवा जुन्या गॅझेटियरमध्ये असते. कापसाचेच उदाहरण घेता येईल. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि कापसावरचे संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत प्रसिद्ध होते. कपाशी पिकवणाऱ्याचा प्रश्न मात्र असा असतो: ‘गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात किती पतंग सापडल्यावर फवारणी करावी?’ इंग्रजी कागदांत याचे नेमके उत्तर आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रात्रीला ८ पतंग सापडू लागले, की फवारणीची वेळ आली असे समजतात. अडचण एवढीच, की प्रश्नात आणि उत्तराच्या उताऱ्यात एक अक्षरही सारखे नाही.

ही दरी बुजवायचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला भाषांतराचा: प्रश्न इंग्रजीत न्यायचा किंवा कागद मराठीत आणायचे. दुसरा बहुभाषिक एम्बेडिंगचा: प्रश्न आणि उतारे दोन्हींचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि ते आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे. दोन्ही मार्ग चुकतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. चांगल्या मराठी शोधयंत्रणेची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी असते.

साधा शब्दशोध का थांबतो

नेहमीची शोधयंत्रणा आधी सगळ्या कागदांची शब्दसूची बनवते. कोणता शब्द कोणत्या कागदात किती वेळा आला, याची ती नोंद असते. प्रश्न आला की त्यातले शब्द सूचीत पाहिले जातात आणि कागदांना गुण दिले जातात. गुण देण्याची सर्वांत रुळलेली पद्धत ‘बीएम२५’ या नावाने ओळखली जाते. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन, सरसकट सगळीकडे येणाऱ्या शब्दाला कमी वजन, आणि कागद लांबलचक असला म्हणून त्याला फुकटचा फायदा नाही, असे तिचे तत्त्व आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच अट आहे: शब्द अक्षरशः जुळला पाहिजे. ‘सापळ्यात’ हा शब्द इंग्रजी सूचीत कधीच सापडणार नाही. त्यामुळे मराठी प्रश्नाला उत्तर म्हणून कोरा पडदा मिळतो.

या प्रश्नाचा अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड साल्टन यांनी इंग्रजी आणि जर्मन या भाषांवर असे प्रयोग केले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी हाताने तयार केलेला द्विभाषिक शब्दसंग्रह वापरला होता. मराठीसाठीचा एक महत्त्वाचा प्रयत्न २००७ सालचा आहे. ‘क्लेफ’ या युरोपीय चाचणी उपक्रमात त्या वर्षी भारतीय भाषांतल्या प्रश्नांनी इंग्रजी बातम्या शोधायचे काम ठेवले होते. त्यात आयआयटी मुंबईच्या गटाने हिंदी आणि मराठीतून भाग घेतला.

कोशाच्या आधाराने भाषांतर

आयआयटी मुंबईच्या गटाची पद्धत आजही समजून घेण्यासारखी आहे, कारण मराठीची प्रत्येक अडचण तिच्यात उघडी पडते. पहिली पायरी मूळ शब्द काढण्याची. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात आणि चिकटण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘सापळा’ हा शब्द प्रश्नात ‘सापळ्यात’, ‘सापळ्यांमधल्या’, ‘सापळ्यांसाठीच्या’ अशा कोणत्याही रूपात येऊ शकतो. कोशात फक्त ‘सापळा’ असतो. प्रत्यय सोडवून मूळ रूपापर्यंत पोहोचता आले नाही, तर कोश हाताशी असून उपयोग नाही.

याच पायरीवर एक न दिसणारी अडचण उभी असते. पडद्यावर हुबेहूब दिसणारा मराठी मजकूर आत वेगळ्या संकेतांनी लिहिलेला असू शकतो. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो:

```
ऱ्या  = U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या = U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

वाचणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. युनिकोडचे प्रमाणीकरण केले, तरी हे दोन प्रकार आपोआप एक होत नाहीत. ‘ॲसिड’मधल्या पहिल्या अक्षराचेही तसेच. ते एका संकेताने लिहिता येते, किंवा अ आणि त्यावरचा चंद्र अशा दोन संकेतांनीही. म्हणून कोशात शोधण्यापूर्वी असे पर्याय एका रूपात आणणे हे पहिले काम ठरते. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचा मेळही इथेच घालावा लागतो. कित्येक जण मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात, तो प्रश्न आधी देवनागरीत आणावा लागतो.

दुसरी पायरी कोशात नसलेल्या शब्दांची. विशेषनामे कोशात नसतात. ‘यवतमाळ’चे भाषांतर करायचे नसते, ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे असते. नियमांनी केलेले लिप्यंतर कागदांतल्या स्पेलिंगशी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून आयआयटी मुंबईच्या पद्धतीत लिप्यंतर झालेला शब्द कागदांतल्या सगळ्या शब्दांशी ताडला जाई आणि सर्वांत जवळचे काही शब्द उचलले जात. मराठी नावांसाठी ही युक्ती फार कामाची आहे. जुन्या इंग्रजी कागदांत यवतमाळ हे ‘येवतमाळ’ असा उच्चार होईल अशा स्पेलिंगने लिहिलेले सापडते, ठाणे हे ‘थाना’ असते आणि पुणे हे ‘पूना’ असते. ‘थाना’पर्यंत अक्षरांच्या जवळिकीने कदाचित पोहोचता येईल, ‘पूना’ला मात्र जुन्या-नव्या नावांची वेगळी यादीच लागते.

तिसरी पायरी एकाच शब्दाच्या अनेक अर्थांतून योग्य अर्थ निवडण्याची. ‘पतंग’ म्हणजे उडवायचा कागदी पतंगही आणि अळीपासून तयार झालेला पंखांचा कीटकही. कोश दोन्ही इंग्रजी शब्द देतो. निवड करण्यासाठी प्रश्नातल्या इतर शब्दांची मदत घेतली जाते. सापळा, बोंडअळी आणि कपाशी यांचे इंग्रजी प्रतिशब्द ज्या कागदांत आहेत, तिथे कीटकासाठीचा शब्द वारंवार येतो आणि कागदी पतंगाचा जवळजवळ कधीच येत नाही. शब्दांच्या अशा सहवासाची मोजदाद करून, एकेका पर्यायाचे वजन फेऱ्याफेऱ्यांनी वाढवत किंवा घटवत, यंत्र शेवटी एक अर्थ पक्का करते.

सगळेच पर्याय ठेवायचे असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका मराठी शब्दाला सहा इंग्रजी पर्याय आणि दुसऱ्याला एकच असेल, तर सहा पर्यायांचा शब्द क्रमवारीवर वर्चस्व गाजवतो, आणि बहुधा तोच शब्द मोघम असतो. फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठातले आरी पिर्कोला यांनी १९९८ मध्ये यावर उपाय दाखवला. एका मूळ शब्दाचे सगळे पर्याय एकच शब्द समजून मोजायचे. असे केले की ‘बोंडअळी’चा एकुलता एक नेमका प्रतिशब्द सहा सैल शब्दांच्या गर्दीत दबत नाही.

२००७ च्या चाचणीत मराठीतून फक्त शीर्षकाइतका छोटा प्रश्न दिल्यावर या पद्धतीला सरासरी अचूकतेचे ०.२१६३ गुण मिळाले. हिंदीला तशाच प्रश्नांवर ०.२३६६ मिळाले. सगळे योग्य कागद क्रमवारीत सर्वांत वर आले, तर हा आकडा १ होतो. कोशाची पद्धत चालते, पण तिच्या मर्यादाही या आकड्यांत दिसतात.

यंत्रभाषांतराचा मार्ग

आता कोशाची जागा बऱ्याच अंशी पूर्ण वाक्याचे भाषांतर करणाऱ्या न्यूरल प्रणालींनी घेतली आहे. मेटा कंपनीची २०२२ ची ‘एनएलएलबी-२००’ आणि आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय४भारत’ या गटाची २०२३ ची ‘इंडिकट्रान्स२’ या दोन्ही मराठी हाताळतात आणि दोन्ही खुल्या उपलब्ध आहेत. प्रत्यय सोडवणे, अर्थ निवडणे आणि नावे लिहिणे या तिन्ही गोष्टी त्या एका दमात करतात. त्यातून आलेले इंग्रजी वाक्य नेहमीच्या शब्दसूचीला दिले, की काम झाले. इंग्रजी कागदांच्या यंत्रणेत काहीही बदलावे लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा.

मात्र शोधासाठी येणारा प्रश्न हे बहुधा पूर्ण वाक्य नसतेच. लोक ‘कामगंध सापळा पतंग’ एवढेच टाइप करतात. भाषांतर प्रणाली वाक्यांवर शिकलेली असते. तीन सुट्या शब्दांत तिला संदर्भ पुरत नाही आणि मग पतंग कागदी होण्याची शक्यता वाढते. दुसरा धोका पारिभाषिक शब्दांचा. ‘कामगंध सापळा’ हा कृषी विस्ताराच्या मराठीत रुळलेला शब्द आहे, पण भाषांतर प्रणालीच्या शिकवणीत तो फारसा आला नसेल, तर ती ‘काम’ आणि ‘गंध’ यांची शब्दशः जोडी लावते. असे इंग्रजी वाचायला सुबक वाटते. पण ज्या एका शब्दावर शोध अवलंबून आहे, तो त्यात नसतो. चूक ओळखायची असेल तर भाषांतर वाचण्याऐवजी त्यातले शब्द कागदांच्या सूचीत आहेत का, हे पाहावे. भाषांतरातला महत्त्वाचा शब्द एकाही कागदात नसेल, तर गडबड तिथेच झालेली असते.

यावरचा उपाय साधा आणि परिणामकारक आहे. विषयातल्या जाणकाराकडून संज्ञांची छोटी यादी करून घ्यायची आणि भाषांतराबरोबर तिचे शब्दही प्रश्नाला जोडायचे:

```
गुलाबी बोंडअळी → pink bollworm, PBW, Pectinophora gossypiella
कामगंध सापळा   → pheromone trap
पतंग           → moth, adult
```

पहिल्या ओळीतले तीन पर्याय महत्त्वाचे आहेत. एकाच किडीला कोणत्या कागदात पूर्ण इंग्रजी नाव, कुठे आद्याक्षरे, तर कुठे फक्त शास्त्रीय नाव असते. अगदी निर्दोष भाषांतरही यातला एकच पर्याय देईल. शिवाय एकाऐवजी तीन-चार पर्यायी भाषांतरे मागून ती सगळी एकत्र वापरता येतात. शोधाला सुंदर वाक्य नको असते, योग्य शब्दांपैकी एखादा तरी सापडायला हवा असतो.

उलट दिशेने, म्हणजे सगळे इंग्रजी कागद आधीच मराठीत आणूनही शोध घेता येतो. कागदातली वाक्ये पूर्ण असतात, त्यामुळे संदर्भ भरपूर मिळतो आणि अर्थाच्या चुका कमी होतात. वाचकाला दाखवायला मराठी मजकूरही तयार राहतो. पण कागद लाखांत असले, तर खर्च मोठा होतो, आणि भाषांतर प्रणाली सुधारली की सगळे पुन्हा करावे लागते. त्यातच एकाच संज्ञेचे भाषांतर एका ठिकाणी ‘बोंडअळी’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘बॉलवर्म’ असे झाले, तर शोध पुन्हा विस्कळीत होतो. वर मराठी सूचीसाठी प्रत्यय सोडवण्याचे काम अंगावर पडते ते वेगळेच. कागद मोजके आणि स्थिर असतील, तर हा पर्याय चांगला. रोज भर पडणाऱ्या मोठ्या संग्रहासाठी प्रश्नाचे भाषांतर परवडते.

बहुभाषिक एम्बेडिंग

दुसऱ्या मार्गात भाषांतर होतच नाही. एक न्यूरल प्रणाली मजकुराचा तुकडा घेते आणि त्याच्या जागी आकड्यांची एक लांब रांग देते. या रांगेला एम्बेडिंग म्हणतात. ‘मल्टिलिंग्वल ई५’च्या मोठ्या आवृत्तीत तिच्यात १,०२४ आकडे असतात. आकड्यांची प्रत्येक रांग म्हणजे अर्थाच्या नकाशावरचा एक बिंदू समजता येईल. सारख्या अर्थाचे मजकूर, मग ते कोणत्याही भाषेत असोत, जवळजवळ यावेत अशी प्रणालीला शिकवण दिलेली असते. इंग्रजी उताऱ्यांचे बिंदू आधीच काढून ठेवायचे. मराठी प्रश्न आला की त्याचा बिंदू काढायचा आणि सर्वांत जवळचे उतारे उचलायचे.

प्रणाली कोणत्या प्रकारच्या जोड्यांवर शिकली, हे इथे निर्णायक ठरते. गूगलची २०२० ची ‘लाब्से’ ही प्रणाली १०९ भाषांवर, एकमेकांची भाषांतरे असलेल्या वाक्यांच्या जोड्यांवर शिकली. ‘हे वाक्य त्या वाक्याचे भाषांतर आहे का’ हे ती उत्तम सांगते. पण प्रश्न आणि त्याचे उत्तर ही एकमेकांची भाषांतरे नसतात. लाब्सेला कामगंध सापळ्याचा प्रश्न दिला, तर तसाच प्रश्न असलेले इंग्रजी वाक्य तिला उत्तराच्या उताऱ्यापेक्षा जवळचे वाटू शकते. शोधासाठी प्रश्न आणि उत्तराचा उतारा अशा जोड्यांवर शिकलेली प्रणाली हवी. मल्टिलिंग्वल ई५ आणि २०२४ ची ‘बीजीई-एम३’ या त्या जातीच्या आहेत. ई५ला तर कोणता मजकूर प्रश्न आणि कोणता उतारा, हे समोर शब्द लिहून सांगावे लागते:

```
query: बोंडअळीच्या सापळ्यात किती पतंग सापडल्यावर फवारणी करावी?
passage: Spray when 8 moths per trap per night are caught for three consecutive nights.
```

ही खूण विसरली, तरी यंत्रणा तक्रार करत नाही, फक्त क्रमवारी बिघडते. न बोलता होणारी आणखी एक चूक लांबीची आहे. ई५ एका वेळी ५१२ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, वाचते. त्यापुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. चाळीस पानांचा अहवाल अख्खा दिला, तर फक्त पहिल्या पानाचाच बिंदू तयार होतो. म्हणून कागदांचे दोन-तीन परिच्छेदांचे उतारे करावे लागतात आणि प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर अहवालाचे व प्रकरणाचे नाव जोडावे लागते. तसे नसेल, तर ‘सलग तीन रात्री ८ पतंग’ हे वाक्य कोणत्या किडीविषयी आहे, हेच उताऱ्यातून कळत नाही. साठवणही आवाक्यातली आहे. १,०२४ आकड्यांची एक रांग साधारण ४ किलोबाइट घेते, म्हणजे दहा लाख उताऱ्यांना सुमारे ४ गिगाबाइट पुरतात.

या मार्गाची खरी ताकद आपल्या प्रश्नातच दिसते. शेतकरी विचारतो ‘किती पतंग सापडल्यावर फवारणी करावी’. इंग्रजी अहवालात या कल्पनेला ‘इकॉनॉमिक थ्रेशोल्ड लेव्हल’, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणतात. प्रश्नाचे भाषांतर कितीही अचूक झाले, तरी त्यात हे शब्द येणार नाहीत, कारण शेतकऱ्याने ते वापरलेलेच नाहीत. एम्बेडिंग मात्र अर्थाच्या जवळिकीने तो उतारा वर आणू शकते. मराठीचे प्रत्ययही तिला फारसे अडवत नाहीत, कारण ती शब्दांचे लहान तुकडे करून वाचते.

तिची कमजोरीही याच प्रश्नात आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळीप्रमाणे अमेरिकन बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळीही येते. तिन्हींविषयीचे उतारे जवळजवळ सारख्याच भाषेत लिहिलेले असतात: सापळे, पतंग, पातळी, फवारणी. अर्थाच्या नकाशावर ते एकमेकांना खेटून बसतात आणि अमेरिकन बोंडअळीचा उतारा पहिला येऊ शकतो. उतारा विषयाला धरून दिसतो, वाचणाऱ्याला संशय येत नाही आणि सल्ला मात्र दुसऱ्या किडीचा मिळतो. विशेषनामे, वाणांची नावे, औषधांची नावे, कायद्यांची कलमे आणि नेमके आकडे यांत एम्बेडिंग असेच घसरते. शब्दशोधाला मात्र नेमके हेच सर्वांत चांगले जमते.

गुणांवर भरवसा ठेवतानाही जपावे लागते. ई५चे जवळिकीचे गुण बहुधा ०.७ ते १ या पट्ट्यातच पडतात, अगदी असंबद्ध उताऱ्यांनाही. त्यामुळे ०.८ गुण म्हणजे उत्तर सापडले, असा अर्थ लावता येत नाही. या गुणांतून फक्त क्रम कळतो.

दोन्ही याद्यांचा मेळ

दोन मार्ग वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, म्हणून दोन्ही चालवून त्यांच्या याद्या एकत्र करणे शहाणपणाचे ठरते. गुण थेट मिळवता येत नाहीत, कारण बीएम२५चे गुण आणि एम्बेडिंगचे गुण वेगळ्या मापांतले असतात. त्याऐवजी फक्त क्रमांक वापरतात. २००९ मध्ये कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्युटशर यांनी मांडलेली रीत अशी: उताऱ्याचा प्रत्येक यादीतला क्रमांक घ्यायचा, त्यात ६० मिळवायचे, १ ला त्या संख्येने भागायचे आणि आलेल्या संख्यांची बेरीज करायची.

समजा, तीन उतारे आहेत. ‘अ’मध्ये गुलाबी बोंडअळीची फवारणीची पातळी आहे, म्हणजे तेच खरे उत्तर. ‘ब’मध्ये अमेरिकन बोंडअळीची पातळी आहे. ‘क’मध्ये गुलाबी बोंडअळीची नुसती ओळख आहे. भाषांतर केलेल्या प्रश्नाच्या शब्दशोधात ‘क’ पहिला, ‘अ’ चौथा आणि ‘ब’ नववा आला. एम्बेडिंगच्या यादीत ‘ब’ पहिला, ‘अ’ दुसरा आणि ‘क’ बारावा आला.

```
अ : 1/(60+4) + 1/(60+2)  = 0.0318
ब : 1/(60+9) + 1/(60+1)  = 0.0309
क : 1/(60+1) + 1/(60+12) = 0.0303
```

एकाही यादीत पहिला नसलेला ‘अ’ एकत्रित यादीत पहिला येतो, कारण दोन्ही मार्गांनी त्याला बऱ्यापैकी वर ठेवले होते. ‘क’मध्ये फक्त शब्द जुळले होते, ‘ब’मध्ये फक्त अर्थाचा साचा जुळला होता. फरक थोडा असल्यामुळे या यादीतले वरचे पन्नास-शंभर उतारे शेवटच्या एका तपासणीतून काढतात. त्यासाठी पुनर्क्रमवारी करणारी प्रणाली असते. ती मराठी प्रश्न आणि एकेक इंग्रजी उतारा एकत्र वाचते आणि मग गुण देते. दोन्ही मजकूर समोरासमोर असल्याने ‘गुलाबी’ आणि ‘अमेरिकन’ यांतला फरक तिच्या नजरेतून सुटण्याची शक्यता कमी. ती संथ असते, म्हणून सगळ्या संग्रहावर चालवता येत नाही, आणि पहिल्या टप्प्यात जो उतारा आलाच नाही, त्याला ती वर काढू शकत नाही.

चूक कुठे आहे हे कसे कळते

प्रणालीच्या जाहिरातीतले गुण मराठीसाठी फारसे कामाचे नसतात. बहुभाषिक शोध मोजणाऱ्या ‘मिरॅकल’ या प्रसिद्ध संचात १८ भाषा आहेत. त्यांत हिंदी, बंगाली आणि तेलुगू आहेत, मराठी नाही. शिकवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम-मार्को’ या भाषांतरित संचातही हिंदी आहे, मराठी नाही. म्हणून आपल्या विषयाची छोटी चाचणी स्वतः तयार करणे भाग असते. खऱ्या वापरणाऱ्यांचे पन्नासेक मराठी प्रश्न, जसे टाइप केले तसेच, गोळा करावेत. प्रत्येक पद्धतीने आणलेले वरचे वीस उतारे एकत्र मिसळावेत आणि कोणता उतारा कोणत्या पद्धतीचा हे न सांगता विषयाच्या जाणकाराकडून ‘उपयोगी’ किंवा ‘निरुपयोगी’ असा शिक्का घ्यावा. मग दोन गोष्टी मोजाव्यात: पहिल्या शंभरांत उपयोगी उताऱ्यांपैकी किती आले, आणि पहिला उपयोगी उतारा कितव्या क्रमांकावर होता.

दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याची एक खात्रीची कसोटी आहे. तेच पन्नास प्रश्न विषय जाणणाऱ्या माणसाकडून चांगल्या इंग्रजीत लिहून घ्यायचे आणि त्याच संग्रहावर चालवायचे. इंग्रजी प्रश्नालाही उत्तर मिळाले नाही, तर भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. उतारे चुकीचे कापले गेले असतील, स्कॅन केलेल्या पानांतली अक्षरे नीट वाचली गेली नसतील, किंवा उत्तर संग्रहातच नसेल. इंग्रजीत मिळाले आणि मराठीत नाही, तर भाषेचा पूल कच्चा आहे. मग तोच प्रश्न दोन्ही मार्गांनी वेगवेगळा चालवून पाहायचा. फक्त शब्दशोध हरला असेल, तर संज्ञांची यादी वाढवायची. फक्त एम्बेडिंग हरले असेल, तर नावांचा घोळ आहे का ते पाहायचे. दोन्ही हरली, तर एम्बेडिंग प्रणालीला आणखी शिकवण देण्याचा विचार करायचा. त्यासाठी इंग्रजी प्रश्न आणि इंग्रजी उतारे यांच्या तयार जोड्या घेतात, फक्त प्रश्नांचे मराठीत भाषांतर करतात आणि उतारे इंग्रजीतच ठेवतात. त्यामुळे प्रणाली नेमके हवे तेच काम शिकते.

उतारा सापडल्यानंतरही एक पायरी उरते. ज्याने मराठीत विचारले, त्याला उत्तर मराठीत वाचता आले पाहिजे. इथे भाषांतराचे निकष बदलतात. शोधताना एखादा शब्द चुकला, तर दुसरा सावरून घेतो. उत्तर वाचताना तशी सोय नसते. ‘सलग तीन रात्री’ यातला ‘सलग’ गळला, तर एकाच रात्रीच्या आकड्यावर फवारणी होईल. म्हणून मराठी भाषांतराशेजारी मूळ इंग्रजी उतारा दाखवावा, आकडे, एकके आणि किडींची नावे दोन्हींत सारखी आहेत का, हे यंत्राने तपासावे आणि तफावत आढळली तर भाषांतर लपवून मूळ मजकूरच पुढे करावा.

एकंदरीत, मोजके आणि न बदलणारे कागद असतील तर ते एकदाच मराठीत आणून ठेवणे सोपे पडते. संग्रह मोठा आणि वाढता असेल, तर प्रश्नाचे भाषांतर, संज्ञांची यादी आणि बहुभाषिक एम्बेडिंग एकत्र चालवावे, दोन्ही याद्यांचा मेळ घालावा आणि वरच्या उताऱ्यांची पुन्हा तपासणी करावी. यातली संज्ञांची यादी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती विषयाच्या मराठी जाणकारांनाच करावी लागते, कारण शेतकरी कीड कोणत्या नावाने ओळखतो आणि शास्त्रज्ञ तिला कागदावर काय म्हणतात, हे दोन्ही त्यांना माहीत असते.